सात महिने वापरल्यावर: कीर्दीच्या फोटोवरून तेरीज काढणारं ॲप

आमचं दारव्ह्याकडच्या एका गावात कृषी केंद्र आहे. कीर्द बाबा हाताने लिहितात, खतावणी आणि तेरीज माझ्याकडे. रोज रात्री तास-दीड तास त्यात जायचा म्हणून ९९९ रुपये वर्षाचे भरून हे ॲप घेतलं. पानाचा फोटो काढायचा, ते ओळी वाचून खातेवार बाक्या काढतं आणि खाली नावे-जमेच्या बेरजा शेजारी ठेवतं. जुळलं की हिरवी पट्टी, नाही तर लाल.

पहिले तीन महिने मी सगळ्यांना हेच घ्या म्हणून सांगत होतो. लाल पट्टी खरंच कामाची आहे. एकदा उधारी वसुलीची ओळ धूसर आली म्हणून मी जमेची रक्कम हाताने भरली आणि ६,३०० ऐवजी ३,६०० टाकले. फरक २,७०० आला. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला की आधी अंकांची अदलाबदल शोधायची, हे कॉलेजात शिकलेलं तेव्हा उपयोगी पडलं. दोन मिनिटांत चूक सापडली.

मग सोयाबीन निघायच्या दिवसांतली एक संध्याकाळ. बाबा गल्ला मोजत होते. म्हणाले, "गल्ल्यात पैसा जास्त हाये, अन् तुया मोबाईल कमी सांगून राह्यला." आरंभीची रोकड धरून ४,०५१ रुपये जास्त होते. पट्टी मात्र हिरवी.

त्या पानावर पाचच नोंदी होत्या. रोख विक्री १८,५००. उधार खरेदी २४,०००. खताच्या पोत्यांची हमाली रोखीने ४५०. उधारी वसूल ६,३००. दुकानभाडं बँकेतून ३,०००. पानाची बेरीज दोन्हीकडे ५२,२५०. बाक्यांची तेरीज केली तर रोख २४,३५०, खरेदी २४,०००, हमाली ४५०, भाडं ३,०००, म्हणजे नावे बाजू ५१,८००, आणि जमा बाजूही तेवढीच. (पानाच्या बेरजेपेक्षा हे ४५० ने कमी दिसतं, कारण रोख खात्यात नावे आणि जमा एकमेकांतून वजा होतात. ही चूक नाही.)

ॲपची तेरीजसुद्धा ५१,८००च होती! रात्री अकरापर्यंत मी तेच बघत बसलो. शेवटी एकेक खातं उघडलं तेव्हा हमालीपुढे ४,५०१ दिसले. बाबा आकडे इंग्रजीत लिहितात आणि प्रत्येक रकमेपुढे ठसठशीत "/-" ओढतात. ४५० पुढची तिरकी रेघ ॲपने एक म्हणून वाचली, हमालीच्या नावे ओळीतही आणि रोखीच्या जमा ओळीतही. त्यामुळे हमाली ४,०५१ ने वाढली, रोख बाकी तेवढ्यानेच घटली, आणि दोन्ही नावे बाजूलाच असल्यामुळे तेरजेची बेरीज एका रुपयानेही हलली नाही.

मदत केंद्राला फोन केला. दोनदा. दोन्ही वेळा उत्तर एकच, "सर, दोन्ही बाजू जुळतात ना? मग हिशेब बरोबर आहे." याचा मला मनस्वी राग आला. एकच चुकीची रक्कम दोन्हीकडे गेली तर तेरीज जुळणारच, हे अकरावीच्या पोराला शिकवतात. हिशेबाचं ॲप विकणाऱ्याला ते ठाऊक असायला हवं.

ही चूक पकडण्याची जागा तेरीज नाही, कीर्दीच्या पानाचा तळ आहे. बाबांनी तिथे ५२,२५० लिहिलं होतं. ॲपने वाचलेल्या ओळींची बेरीज ५६,३०१ होत होती. फरक ४,०५१, नेमका गल्ल्यातला. पण ॲप ही बेरीज ठळक दाखवतच नाही, "वाचलेल्या नोंदी"च्या अगदी शेवटी बारीक अक्षरात ठेवतं. पानाची बेरीज टाकायला एक रकाना दिला असता तर मी रात्र जागलो नसतो.

बाबांना "/-" सोडायला सांगून पाहिलं. ते नाही म्हणाले, आणि त्यांचं बरोबर आहे. रकमेपुढे कुणी एखादा अंक वाढवू नये म्हणूनच ती रेघ ओढतात. आता मी वही दिवसाउजेडी ओट्यावर सपाट ठेवून फोटो काढतो, आधी ती बारीक बेरीज बाबांच्या बेरजेशी ताडतो आणि मगच हिरव्या पट्टीकडे बघतो. पानाला चार-पाच मिनिटं लागतात. तरी जुन्या तास-दीड तासापुढे ती थोडीच, म्हणून आधी रागाच्या भरात दिलेला एक तारा आज तीन करतोय.

वर्गणी मार्चअखेर संपते. तोवर पानाच्या बेरजेचा रकाना आला तर ९९९ पुन्हा भरीन, नाही तर त्या पैशात वर्षभराच्या कीर्दवह्या येतात.