योजनेच्या पेजचं मेटा डिस्क्रिप्शन: शेवटची तारीख टाकायची की नाही?

सर्च रिझल्टमध्ये शीर्षकाखाली दिसणाऱ्या या डिस्क्रिप्शनमध्येच '31 मार्चपर्यंत अर्ज करा' लिहिलं की लगेच कळतं खरं, पण मुदत वाढली आणि तुम्ही पेज बदललं तरी सर्च इंजिन परत क्रॉल करेपर्यंत रिझल्टमध्ये जुनीच तारीख दिसत राहते, मग पात्र माणूसही मुदत गेली समजून पेज उघडतच नाही.

दुसरा ऑप्शन म्हणजे 'अर्जाआधी अधिकृत पोर्टलवर खात्री करा. पात्रता, कागदपत्रं, सध्याची मुदत इथे'. मला हाच पटतो. तारीख पेजवर सगळ्यात वर द्या, शेजारी ती कधी तपासली तेही. खात्रीची सूचना मात्र शेवटी नको, लांब डिस्क्रिप्शन कापलं जातं तेव्हा तीच आधी उडते, आणि गूगल कधीकधी पेजमधलंच वाक्य उचलतं म्हणून ती पहिल्या परिच्छेदातही हवीच.