१२० वॅटचा म्हणून विकलेला १५ वॅटचा कार चार्जर

सहा पोर्ट, १२० वॅट, सोबत चार केबल फुकट, आणि नाव काय तर ‘फॅमिली सेट’. आम्ही पाच जण लांबच्या प्रवासाला निघणार होतो. पाच फोन, त्यातला एक दिवसभर रस्ता दाखवणार, म्हणजे हा सेट जणू आमच्यासाठीच बनवला होता. ऑनलाइन मागवला. निघायच्या दिवशी सकाळी सगळ्यांचे फोन त्याला लावले आणि दुपारपर्यंत नवऱ्याचा नकाशावाला फोन वायर लावलेली असताना ७० टक्क्यांवरून ५० वर आला. मागच्या सीटवर मुलीचा फोन तासाभरात जेमतेम चार टक्के चढला. फोनवर चार्जिंगचं चिन्ह मात्र सगळ्यांच्याच दिसत होतं, आणि या फसवणुकीची खरी मेख तीच आहे. वस्तू बंद पडत नाही, त्यामुळे माणूस आधी फोनच्या बॅटरीवर, मग गाडीवर आणि शेवटी पोरांच्या गेमवर संशय घेतो.

मुक्कामी पोचल्यावर चार्जर काढून नीट पाहिला. डब्यावर १२० वॅट ठळक. चार्जरच्या अंगावर, सॉकेटमध्ये गेल्यावर दिसणारच नाही अशा बाजूला, काळ्यावर करड्या अक्षरांत: एकूण आउटपुट ५ व्होल्ट, ३.१ अँपिअर. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. ५ गुणिले ३.१, साडेपंधरा वॅट. तेही सहाही पोर्ट मिळून. एकाच टाकीला सहा नळ बसवावेत तसला हा प्रकार. पाच फोनांत वाटले तर प्रत्येकाला तीन वॅट. नकाशा चालू, स्क्रीन पूर्ण उजळ, नेट चालू अशा फोनला स्वतः चालायलाच तीन-चार वॅट लागतात. मग तो चढणार कुठून?

मग १२० आलं कुठून? विक्रेत्याच्या पानावर एका चित्रात प्रत्येक पोर्टपुढे २० वॅट लिहिलं होतं. सहा वेळा २०, झाले १२०. प्रामाणिक कंपन्याही बेरीज छापतात, पण त्या पोर्टांच्या जोड्या देतात: एकटा सी पोर्ट वापरला तर इतके वॅट, दोन्ही वापरले तर याला इतके आणि त्याला इतके. शिवाय अंगावर ५ व्होल्टसोबत ९ व्होल्ट, १२ किंवा २० व्होल्टच्या ओळी असतात, कारण फास्ट चार्जिंगमध्ये फोन आणि चार्जर आपसात ठरवून बहुतेक वेळा व्होल्टेज वाढवतात. आमच्या चार्जरवर ५ व्होल्टची एकच ओळ होती. शेजारी विजेचं चित्र काढून ‘फास्ट’ लिहिलेला नारंगी पोर्टही त्याच ५ व्होल्टवर. रंग वेगळा, एवढाच फरक.

हा दावा कारकडे पाहूनही तपासता आला असता. बऱ्याच गाड्यांत सिगारेट लायटरच्या सॉकेटच्या झाकणावरच मर्यादा छापलेली असते. आमच्या गाडीत लिहिलंय १२ व्होल्ट, १२० वॅट, म्हणजे १० अँपिअर. चार्जर थोडी वीज उष्णतेत घालवतोच. त्यामुळे खरोखर १२० वॅट बाहेर द्यायचे तर १२ व्होल्टवर ११ अँपिअरच्या आसपास आत ओढावे लागतील, म्हणजे अशा सॉकेटची मर्यादाच ओलांडली जाईल. काही गाड्यांत १५ किंवा २० अँपिअरचा फ्यूज असतो, तिथे ते शक्य आहे. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये किंवा फ्यूजच्या डब्याच्या झाकणावर सापडेल.

आता त्या हिरव्या डिस्प्लेबद्दल, कारण सगळ्यात जास्त राग मला त्याचा आला. चार्जरवर छोटे आकडे लागायचे, १४.१, कधी १३.९. पानावर लिहिलं होतं, ‘स्मार्ट डिस्प्ले, चार्जिंगचा वेग दाखवतो’. सासूबाईसुद्धा दर थोड्या वेळाने सांगायच्या, “बघ गं, चौदावर आहे, चांगलं चाललंय.” तो आकडा गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज होतं. इंजिन चालू असलं की अल्टरनेटरमुळे ते साधारण साडेतेरा ते साडेचौदा असतं, बंद केलं की बारा-साडेबारावर येतं. ओळखायचं सोपं आहे: सगळ्या केबल काढा. आकडा तसाच राहिला तर त्याचा तुमच्या फोनशी काही संबंध नाही. आकडा खोटा नव्हता, त्याचा लावलेला अर्थ खोटा होता.

घरी परतल्यावर मी यूएसबी मीटर आणला. चार्जर आणि केबलच्या मध्ये बसतो, व्होल्ट आणि अँपिअर दाखवतो, इतकंच त्याचं काम. फोनच्या मूळ केबलने एकच फोन लावला तर सव्वा अँपिअरच्या आसपास वीज जात होती. सेटमधली दोन मीटरची केबल लावली तर ०.६ अँपिअरवर अडकली. फोन तोच, पोर्ट तोच. मग मीटर केबलच्या दुसऱ्या टोकाला, फोनच्या बाजूला लावून पाहिला, त्यासाठी एक अडॅप्टर लागला. चार्जरपाशी ४.९ व्होल्ट, फोनपाशी ४.१. मधले ०.८ व्होल्ट केबलमध्येच विरले. व्होल्टेज असं घसरलं की फोन ते ओळखतो आणि स्वतःहून कमी वीज ओढायला लागतो. फोनपर्यंत पोचत होते जेमतेम अडीच वॅट.

शेवटी ती केबल ब्लेडने सोलली. बाहेरून नायलॉनची जाडजूड वेणी, हातात घेतली की भक्कम वाटते. आत भरपूर दोरा आणि मधोमध केसासारख्या तारांचे बारीक जुडगे. एक तार ब्लेडच्या टोकाने खरवडली तर वरचा तांब्याचा रंग निघून खाली पांढरट धातू दिसला. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. अशा तारेचा रोध त्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपटीहून जास्त असतो. त्यात वीज जाते आणि परत येते, म्हणून दोन मीटरच्या केबलमध्ये तिला चार मीटर तार पार करावी लागते. समोरच्या सीटवर एक मीटरच्या तुकड्यात हे फारसं जाणवत नाही. मागच्या सीटपर्यंत लांब केबल नेली की मार बसतो. आमच्या मुलांचे फोन म्हणूनच सगळ्यात मागे पडले होते.

सेटमध्ये तीन तोंडांची एक केबलही होती, तिच्यावर १०० वॅट छापलेलं. तीन फोन एका पोर्टवर लावले की मुळात एका पोर्टची वीज तिघांत वाटली जाते. शिवाय एकाला ९ व्होल्ट हवेत आणि दुसऱ्याला ५, तर अशी साधी केबल दोन्ही एकाच वेळी देऊ शकत नाही. म्हणून तिघांचं काम ५ व्होल्टवरच चालतं. सी टू सी केबलचं सांगायचं तर ६० वॅटच्या पुढे वीज न्यायला तिच्यात एक ओळख देणारी चिप लागते. फोनसाठी त्याची गरजच नाही, ६० वॅटची चांगली केबल पुरून उरते.

खरी गरज किती होती तेही मांडून पाहिलं. नकाशाच्या फोनला १० वॅट दिले तर तो चालतो आणि चढतोही. बाकी चौघांना प्रत्येकी ८ वॅट, म्हणजे ३२. एकूण ४२. साधारण ५,००० एमएएचच्या फोनमध्ये १९ वॅट-तास मावतात, त्यामुळे ८ वॅटवर, फोन बाजूला ठेवलेला असेल तर, २० वरून ८० टक्के व्हायला दोन तासांच्या आत-बाहेर लागतात. प्रवासात एवढं भरपूर झालं. ४२ वॅटसाठी सॉकेटमधून चार अँपिअर ओढले जातात, १० अँपिअरच्या फ्यूजला त्याचं काहीच ओझं नाही. म्हणजे पाच जणांच्या कुटुंबाला प्रामाणिक ४५ ते ५० वॅटचा चार्जर पुरतो. १२० हा आकडा फक्त गिऱ्हाइकाला भुलवायला होता.

आता आमच्याकडे दोन सी आणि दोन साधे पोर्ट असलेला चार्जर आहे, एकूण ४८ वॅटचा, जोड्या अंगावर छापलेल्या. एक सी पोर्ट नकाशाला, कायमचा. दुसऱ्या सीमधून मागे दोन मीटरची जाड सी टू सी केबल जाते, मुलं आळीपाळीने लावतात. फोन ९ व्होल्टवर चार्ज झाला की तेवढ्याच वॅटला जवळपास निम्मेच अँपिअर लागतात, त्यामुळे लांब केबलमधली गळती खूप कमी होते. सासूबाईंचा जुना फोन ५ व्होल्टच घेतो, म्हणून त्या पुढे बसतात आणि त्यांना सगळ्यात आखूड केबल. गाडीच्या स्वतःच्या यूएसबी पोर्टवर मी भरवसा ठेवत नाही. गाणी आणि डेटासाठीचा साधा पोर्ट अनेकदा अर्धा अँपिअरच देतो, म्हणजे अडीच वॅट.

नवीन चार्जर आणल्यावर निघायच्या आधी, गाडी मोकळ्या हवेत उभी करून, इंजिन चालू ठेवून सगळे फोन एकदम लावून बघा. एकटा फोन लावून केलेली परीक्षा काही कामाची नाही, कारण त्यात हा सहा पोर्टवालाही पास झाला होता. दुसरा फोन लावला की पहिल्याचं चार्जिंग क्षणभर तुटून परत सुरू होतं, ते चार्जर वीज नव्याने वाटतोय म्हणून, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. सगळे लावल्यावर लॉक स्क्रीनवर ‘हळू चार्जिंग’ आलं, किंवा १०० टक्के व्हायला सहा-सात तास दाखवले, तर मीटर नसला तरी उत्तर मिळालं. अर्ध्या तासाने चार्जर हातात धरवत नसेल, तर तो लगेच काढा.

तक्रारीचं म्हणाल तर विक्रेत्याचं पहिलं उत्तर होतं, “मॅडम, चार्ज होतंय ना?” दुसरं, “तुमचा फोन फास्ट चार्जिंगचा नसेल.” मी वाद घातला नाही. एकाच फोटोत डब्यावरचे १२० वॅट आणि चार्जरच्या अंगावरची ५ व्होल्ट ३.१ अँपिअरची ओळ येईल असा फोटो काढला, पानाचा स्क्रीनशॉट जोडला आणि विक्रेत्याऐवजी ज्या साइटवरून घेतला तिच्याकडे पाठवला. मीटरचे आकडे मुद्दाम दिले नाहीत, कारण त्यावर “मीटर चुकीचा आहे” म्हणता येतं. त्यांचीच दोन छापील वाक्यं एकमेकांना खोटं पाडत होती, त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. चार्जरचे पैसे परत आले. केबलबद्दल मात्र कळवलं की त्या बिलात शून्य रुपयांना आहेत, भेटवस्तू म्हणून, त्यामुळे त्यांची तक्रार घेता येत नाही.