दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी: पहिला गर्भ गमावल्यानंतरच्या सात महिन्यांचा अनुभव

मागच्या वेळी बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत कळले की बाळाची वाढ नवव्या आठवड्यातच थांबली आहे. रक्तस्राव झाला नव्हता, पोटात दुखले नव्हते, मळमळसुद्धा चालू होती. डॉक्टर याला मिस्ड अबॉर्शन म्हणतात. त्यामुळे पुन्हा दिवस राहिले तेव्हा "त्रास होत नाही ना, मग सगळे ठीक आहे" या आश्वासनावर विश्वास ठेवणे मला शक्य नव्हते. नव्या डॉक्टरांनी हे न सांगता ओळखले आणि नेहमीच्या तपासण्यांखेरीज सातव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत साधारण पंधरा दिवसांनी एक जादा सोनोग्राफी ठरवून दिली. आज मला चौतिसावा आठवडा चालू आहे, म्हणून या सोयीचा किती उपयोग झाला हे लिहीत आहे.

मला खरे तर पाचव्या आठवड्यातच तपासून घ्यायचे होते. डॉक्टरांनी नकार दिला. "आत्ता फक्त पिशवी दिसेल, ठोके दिसणार नाहीत, आणि पुढचे दहा दिवस तुम्ही जेवणार नाही," असे त्यांनी स्पष्ट सांगितले. तेव्हा राग आला होता, पण तो सल्ला योग्य होता. फार लवकर केलेल्या तपासणीतून उत्तर मिळत नाही, नुसती पुन्हा येण्याची तारीख मिळते. वारंवार सोनोग्राफीने बाळाला अपाय होईल का, हेही मी विचारले. वैद्यकीय कारणासाठी थोडा वेळ केलेल्या सोनोग्राफीने अपाय झाल्याचे आढळलेले नाही, तरी सुरुवातीच्या आठवड्यांत आपण डॉपलरने ठोके ऐकवत नाही, पडद्यावरच्या रेषेवरून मोजतो, असे त्यांनी समजावले.

भीती तपासणीच्या आदल्या रात्री सुरू होत असे आणि टेबलावर आडवे झाल्यावर शिगेला पोहोचत असे. मागच्या वेळी सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांनी पडदा स्वतःकडे वळवला होता आणि बराच वेळ त्या काही बोलल्या नव्हत्या. ती शांतता मी अजून विसरलेले नाही. हे पहिल्याच भेटीत सांगितल्यावर डॉक्टरांनी फाइलवर लाल पेनाने लिहून ठेवले: आधी ठोके सांगणे, मोजमाप नंतर. जेल लावल्यावर पाच-दहा सेकंदांतच "ठोके आहेत, हे बघा" असे शब्द कानावर येत आणि मगच डोके ते कुल्ला लांबी वगैरे मापे घेतली जात. वेळही सकाळची पहिली मिळे, म्हणजे डोहाळजेवणाच्या गप्पा रंगलेल्या बाकावर तासभर बसावे लागत नसे. माझ्या मते जादा सोनोग्राफीपेक्षा या दोन साध्या गोष्टींनी अधिक आधार दिला, आणि त्यांना पैसे पडत नाहीत.

एकदा मात्र ही साखळी तुटली. बदली डॉक्टर होत्या, त्यांनी फाइल उघडली नाही आणि "पहिलीच वेळ का?" असे विचारून त्या मुकाट्याने मोजमाप घेऊ लागल्या. बाळ व्यवस्थित होते, पण मी घरी येईपर्यंत थरथरत होते. तेव्हापासून टेबलावर आडवे होण्याआधी माझे यजमानच फाइलमधली ती ओळ दाखवतात.

आकड्यांचीही भीती वाटते. नवव्या आठवड्यात ठोके मिनिटाला 172 होते, बाराव्यात 158 झाले. मागच्या वेळचा तोच टप्पा असल्यामुळे मला वाटले, हृदय मंदावू लागले आहे. नवव्या-दहाव्या आठवड्याच्या सुमारास ठोके सर्वाधिक असतात आणि पुढे ते कमी होणे हेच अपेक्षित असते, हे डॉक्टरांनी कागदावर चढउताराची रेघ काढून दाखवले. अहवाल हातात देतानाच हे सांगितले असते तर एक रात्र वाचली असती.

या सोयीची मर्यादाही स्पष्ट लिहायला हवी. सोनोग्राफी त्या दिवशीची स्थिती सांगते, गर्भपात टाळू शकत नाही. मला मिळणारा दिलासा दोन-तीन दिवस टिकत असे. सर्वांत कठीण गेले चौदा ते एकोणीस हे आठवडे, कारण जादा तपासण्या संपल्या होत्या आणि हालचाल जाणवत नव्हती. माझी वार पुढच्या बाजूला असल्याने ती एकविसाव्या आठवड्यात जाणवली. त्या काळात घरी वापरायचे डॉपलर यंत्र मागवले होते. डॉक्टरांनी ते वापरू नका म्हणून सांगितले: स्वतःचीच नाडी किंवा वारेतल्या रक्तप्रवाहाचा आवाज ठोके समजून आपण निर्धास्त राहतो आणि दवाखान्यात यायला उशीर होतो. त्याऐवजी त्यांनी आठवड्यातून एकदा, वेळ न घेता, बाह्यरुग्ण विभागात येऊन दोन मिनिटे ठोके ऐकून जाण्याची मुभा दिली. मी पाच वेळा गेले. सहाव्या आठवड्यात जाण्याची गरज वाटली नाही.

आता हालचालींवर लक्ष ठेवते. त्या नेहमीपेक्षा कमी वाटल्या तर रात्रीसुद्धा थेट या, सकाळची वाट पाहू नका, असे सांगून ठेवले आहे. बत्तिसाव्या आठवड्यात एकदा रात्री अकराला गेले. वीस मिनिटे पट्टे बांधून ठोक्यांचा आलेख काढला, तो चांगला आला, आणि तिथल्या सिस्टरनी "पुन्हा असे वाटले तर पुन्हा या" एवढेच म्हटले. पुढची वाढीची सोनोग्राफी छत्तिसाव्या आठवड्यात आहे, आणि सकाळची पहिली वेळ आजच घेऊन ठेवली आहे.