आधी द्रुत, मग विलंबित: गाण्याचं ॲप फुकट वापरावं की पैसे भरून?

आठवड्याला तीनेक तास ऐकणाऱ्यानं गाण्याच्या ॲपला पैसे कशाला द्यावेत, असं मीच दोन वर्षं म्हणत होतो. महिन्याचे साधारण सव्वाशे रुपये आणि ऐकणं बारा-तेरा तास, म्हणजे तासाला दहा रुपये पडतात. पोळ्या लाटताना मागे काहीतरी वाजत असावं एवढीच अपेक्षा असेल, तर मी आजही फुकट प्लॅनच सुचवेन. चार मिनिटांचं गाणं, मग जाहिरात, मग पुढचं गाणं. विविध भारतीवर हेच ऐकत आपण मोठे झालो.

माझं घोडं अडलं ते क्रमावर. रविवारी सकाळी तासभर ख्याल ऐकायची सवय. अल्बममध्ये एक राग बहुधा दोन ट्रॅकमध्ये विभागलेला असतो: आधी वीस-पंचवीस मिनिटांचा विलंबित, पाठोपाठ सात-आठ मिनिटांची द्रुत बंदिश. मी वापरायचो त्या ॲपच्या फुकट प्लॅनमध्ये मोबाइलवर अल्बम शफल होऊनच वाजायचा. तोडीची द्रुत आधी, मग भलताच राग, आणि विलंबित आलाच तर शेवटी. नको ते पुढे ढकलायची मुभा तासाला मोजकीच. एकदा नशिबानं क्रम जुळला. विलंबित संपला, आता द्रुत उचलणार, तेवढ्यात एक बाई गृहकर्जाविषयी बोलू लागल्या, तेही गायकापेक्षा मोठ्या आवाजात. त्या दिवशी पैसे भरले.

फुकटात पळवाटा आहेत, नाही असं नाही. त्याच खात्यावर लॅपटॉपवर क्रम नीट राहायचा, पण जाहिराती होत्याच. व्हिडिओच्या ॲपवर अख्खा राग सलग मिळतो. मात्र तिथं फोनचा पडदा बंद केला की गाणं थांबतं आणि जाहिरात थेट आलापात घुसते. आवाजाच्या दर्जाचं म्हणाल, तर माझ्या साध्या इअरफोनवर मला तरी फरक कळला नाही. त्यासाठी पैसे भरू नका.

पैसे भरूनही कटकटी संपत नाहीत. डाउनलोड केलेली गाणी आपली होत नाहीत, वर्गणी थांबली की ती बंद. कसारा घाटात रेंज जाते तेव्हा ती कामाला येतात, पण त्यासाठी फोन अधूनमधून नेटला जोडावा लागतो. ऑटोपेही विसरून चालत नाही. पैसे कापण्याच्या आदल्या दिवशी येणारा मेसेज मी दोन महिने वाचलाच नव्हता. आता ऑटोपे बंद करून एकेक महिन्याचे पैसे भरतो. मे महिन्यात गावी असतो, तेव्हा भरतच नाही.

तुमचं ऐकणं सुट्या गाण्यांचं असेल तर माझा अनुभव कदाचित तुम्हाला लागू पडणार नाही. पण नाट्यसंगीताची मैफल, कव्वाली, काहीही सलग ऐकत असाल, तर एक महिना भरून बघा. मी परत फुकटावर गेलो होतो, दीड रविवार टिकलो.