पगची भूल: जवळचा दवाखाना की लांबचं हॉस्पिटल?

चार वर्षांची पग मादी, वजन साडेनऊ किलो, गर्भपिशवी काढायची आहे. घराजवळच्या दवाखान्यात झायलाझिन-केटामाइनचं इंजेक्शन देऊन काम होतं आणि संध्याकाळी कुत्री घरी येते. तासाभराच्या अंतरावरच्या हॉस्पिटलात श्वासनळीत नळी घालून गॅसची भूल देतात. खर्च जवळपास दुप्पट.

शेजाऱ्यांची गावठी कुत्री जवळच्याच ठिकाणी ठणठणीत झाली, हे खरं. पण पगच्या नाकपुड्या चिरेसारख्या असतात आणि मऊ टाळू घशात लोंबतो. जागेपणी कुत्री स्नायूंच्या जोरावर श्वासाची वाट उघडी ठेवते. भुलीत तो जोर जातो. शिवाय झायलाझिनने ओकारी येऊ शकते. नळी नसली तर ओकारी फुफ्फुसात उतरायची भीती.

तपासणीत दोघेही रक्त घेतात, छाती ऐकतात. लांबचे डॉक्टर तिला तीन मिनिटं दुडकी पळवतात आणि आधी-नंतर गळ्यावर स्टेथोस्कोप लावतात. माझ्या मते रक्ताच्या रिपोर्टपेक्षा हे जास्त बोलकं आहे. पळाल्यावर घरघर लांबूनही ऐकू आली किंवा दम बराच वेळ ओसरला नाही, तर आधी वजन उतरवावं, नाकपुड्या रुंद करायचा विचार करावा. गर्भपिशवीत पू झालेला नसेल तर घाई कसली?

ऑपरेशन चालू असताना जवळच्या दवाखान्यात जिभेला ऑक्सिजन मोजणारा चिमटा असतो. ऑक्सिजन चालू असेल तर तो खुशाल ९८ दाखवतो, आणि श्वास उथळ होऊन कार्बन डायऑक्साइड साचत राहतो. बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या कॅप्नोग्राफवर हे लगेच कळतं: ३५ ते ४५ ठीक, ६० च्या वर गेलं की नळीला जोडलेली हवेची पिशवी दाबून श्वास द्यायचा.

खरी कसोटी मात्र टाके घातल्यावर. इतर कुत्र्यांनी गिळायला सुरुवात केली की नळी काढतात. पगने मान उचलून नळी चावायला लागेपर्यंत ती ठेवायची. मग पोटावर बसवून हनुवटीखाली गुंडाळलेला टॉवेल, जीभ बाहेर ओढलेली, जवळ ऑक्सिजन, दुसरी नळी आणि भुलीचं भरलेलं इंजेक्शन. कोपरं बाहेर काढून पोट आत खेचत असेल, जीभ राखाडी दिसली किंवा घोरणारी अचानक गप्प झाली, तर नळी पुन्हा घालायची.

म्हणून दोन्हीकडे एकच विचारा: नळी कधी काढता आणि त्यानंतर तिच्याजवळ कोण बसतं? मॉनिटर कितीही भारी असला, तरी सगळे पुढच्या केसला पळत असतील तर उपयोग शून्य. आत्ताच्या पद्धतीत मी लांबचं हॉस्पिटल निवडेन. जवळचे डॉक्टर नळी घालायला, सकाळची पहिली केस घ्यायला आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत माणूस बसवायला तयार झाले, तर मात्र जवळचा दवाखाना. मे महिन्यात अर्धवट गुंगीतल्या पगला तासभर गाडीत आणणं हाही धोकाच आहे.