फोमवाला टायर घ्यावा की साधा?

भावोजींची गाडी इलेक्ट्रिक, रोज म्हापसा ते वेर्णा. टायर बदलायची वेळ आली तेव्हा दुकानदाराने आत फोमची पट्टी चिकटवलेला टायर दाखवला आणि त्यांनी मला विचारलं, घेऊ का?

मी त्यांना आधी काच बंद करून झुआरीचा पूल ओलांडायला सांगितलं. पुलाच्या जोडावर चाक आदळलं की धप्पनंतर क्षणभर पोकळ 'टंऽऽग' असं काहीतरी घुमतं का, ते ऐकायचं. ते टायरच्या पोकळीतल्या हवेचं घुमणं. २०५/६० आर१६ टायरमध्ये हवेचं कडं मधोमध मोजलं तर साधारण १.६६ मीटर भरतं, म्हणून आवाज २०० ते २२० हर्ट्झच्या आसपास येतो. फोम हेच घुमणं गिळतो. खडबडीत डांबरावरची सरसर मात्र रबर आणि रस्त्याच्या घासण्यातून येते. ती जवळपास तशीच राहते. इंजिनाचा आवाज नसलेल्या गाडीत हा फरक जास्त जाणवतो. माझ्या जुन्या डिझेलमध्ये कोणाला कळणारसुद्धा नाही.

आता पंक्चर. टायरचा दुरुस्त होण्याजोगा भाग म्हणजे तळव्याचा मधला पट्टा. खांद्याला किंवा बाजूच्या भिंतीला खिळा घुसला तर टायर फोमचा असो की साधा, बदलावाच लागतो. आणि फोम नेमका त्याच मधल्या पट्ट्यावर असतो. साध्या टायरला नाक्यावरचा पंक्चरवाला बाहेरून सुतळी ठोकून पाच मिनिटांत मोकळं करतो. फोमच्या टायरमध्ये तो सुया फोममधून आरपार घालतो, त्यात फोमचे तंतू भोकात ओढले जातात. तेवढ्यावर गॅरेजपर्यंत जावं, महिनोन्‌महिने फिरू नये. बाटलीतलं सीलंट तर नकोच. फोम ते शोषून घेऊ शकतो, मग भोकापर्यंत पुरेसं पोचेलच असं नाही आणि चाकाचा तोलही बिघडू शकतो.

नीट काम असं होतं: खिळा काढण्याआधी बाहेरून खडूची खूण, टायर उतरवून त्या जागी तळहाताएवढा फोम कापून सोलायचा, खाली राहिलेला गोंद पूर्ण खरवडायचा, ती जागा घासून आतून मशरूम पॅच, म्हणजे देठ भोकात आणि टोपी आतल्या बाजूला चिकटणारं ठिगळ, बसवायचा, मग बॅलन्सिंग. गोंद राहिला तर पॅच धरत नाही. कापलेला तुकडा परत चिकटवला नाही तरी चालतं, आवाज थोडा वाढेल इतकंच. कमी हवेवर गाडी चालली असेल तर आत काळा भुगा सापडतो. अशा वेळी पॅच न लावता आतली भिंत आधी तपासावी.

वेगळी मिळणारी, नंतर चिकटवायची पट्टी मी घेणार नाही. आतून नीट साफ न करता लावलेली पट्टी उन्हाळ्यात सुटून आत गोळा झाली की स्टिअरिंग थरथरतं.

भावोजींना मी फोमवाला घ्या म्हटलं, पण मशरूम पॅच लावणारं गॅरेज आधी हेरून ठेवा, हेही सांगितलं. मी स्वतः वाळपईला राहतो, खिळे वेचतच घरी येतो. मला साधाच पुरतो.