अवताराला सूचना देताना: एकच स्वभाववर्णन की तुकड्यातुकड्याचे दिग्दर्शन?

टर्म इन्शुरन्ससारखी गंभीर योजना समजावून सांगणारा व्हिडिओ एआय अवताराकडून, म्हणजे संगणकाने घडवलेल्या निवेदिकेकडून, करून घ्यायचा असेल, तर प्रॉम्प्ट लिहिण्याच्या दोन पद्धतींपैकी एक निवडावी लागते. पहिल्या पद्धतीत निवेदिकेचा स्वभाव, स्वर आणि हातवारे यांचे एकदाच वर्णन करून ते सबंध संहितेला लागू केले जाते. दुसऱ्या पद्धतीत संहितेचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला वेगळी सूचना दिली जाते. विमा विक्रेत्यांसाठी मराठी माहितीपर व्हिडिओ करण्याचे काम माझ्याकडे आहे आणि मी आधी पहिली पद्धत वापरत होतो, आता बहुतांशी दुसरी वापरतो. ज्यांना हीच निवड करायची आहे, त्यांच्यासाठी माझा अनुभव मांडत आहे.

पहिल्या पद्धतीचे गुण नाकारता येणार नाहीत. दोन ओळींत काम होते आणि संपूर्ण व्हिडिओ एका दमात तयार होत असल्यामुळे निवेदिकेची बैठक, मानेचा कल आणि आवाजाची पट्टी शेवटपर्यंत सारखी राहते. मी लिहीत असलेली सूचना साधारण अशी असे:

```
Confident, warm, trustworthy financial advisor.
Friendly smile, natural hand gestures.
```

हप्त्याची आठवण करून देणे, शाखेची वेळ बदलल्याचे कळवणे, केवायसीची कागदपत्रे सांगणे अशा अर्ध्या मिनिटाच्या निवेदनांना एवढे पुरते, आणि त्यासाठी मी आजही हीच पद्धत वापरतो. अडचण आली ती मुख्य योजनेच्या दोन मिनिटांच्या व्हिडिओत. त्यात एक वाक्य होते: ‘विमाधारकाचा मुदतीत मृत्यू झाल्यास नॉमिनीला ठरलेली रक्कम मिळते, मात्र प्रस्तावात आजाराची माहिती दडवलेली आढळल्यास कंपनी क्लेम नाकारू शकते.’ ‘मृत्यू झाल्यास’ या शब्दांवर निवेदिकेच्या भुवया उंचावल्या, ओठांवर तेच स्वागताचे स्मित राहिले आणि उजवा तळहात प्रेक्षकांकडे उघडला, जणू ती एखादी सवलत जाहीर करत होती. पुढे ‘नाकारू शकते’ म्हणताना तिने दोनदा होकारार्थी मान डोलावली. व्हिडिओ पाहायला बोलावलेल्या एका ज्येष्ठ विक्रेत्यांनी तिथेच थांबवायला सांगितले आणि म्हणाले, “साहेब, ज्या घरात नुकतेच कोणी गेले आहे, त्या घरात हे दाखवायला मी जाणार नाही.” माझा निर्णय खरे तर त्या वाक्यानेच केला.

असे का होते, हे थोडे समजून घेण्यासारखे आहे. ‘आत्मविश्वासपूर्ण’, ‘आपुलकीची’, ‘विश्वासार्ह’ ही विशेषणे आपण स्वभाव म्हणून लिहितो. साधन मात्र त्यांचे रूपांतर दिसणाऱ्या हालचालींत करते, त्यामुळे आपुलकी म्हणजे स्मित आणि आत्मविश्वास म्हणजे हातवारे असा हिशेब होतो. ती सूचना सगळ्या मिनिटांना सारखीच लागू असल्यामुळे कोणते वाक्य जड आहे, हे तिच्यात कुठेच येत नाही. शिवाय अनेक साधनांत चेहरा आणि हात मुख्यतः आवाजाच्या चढउतारावर हलतात. आवाज उत्साही असेल, तर लेखी सूचनेत काहीही असले तरी भुवया वर जातातच.

मी आधी पहिल्याच पद्धतीत दुरुस्ती करून पाहिली. ‘हसू नको, हात हलवू नको’ असे नकारार्थी लिहिले, तर स्मित काही ठिकाणी तसेच राहिले, कारण काय करू नये हे अशा साधनांना नीट पोहोचत नाही असा माझा अनुभव आहे. त्यानंतर ‘गंभीर’ हे विशेषण घातले. तेव्हा ‘नमस्कार’ म्हणतानाही निवेदिकेची मुद्रा एखाद्या दुर्घटनेची बातमी वाचत असल्यासारखी झाली. एक विशेषण बदलले की दोन्ही मिनिटे त्या रंगात बुडतात, हीच मला या पद्धतीची मूळ अडचण वाटते.

दुसऱ्या पद्धतीने तीच संहिता मी चार तुकड्यांत मांडली. पहिल्यात स्वागत आणि विषय, दुसऱ्यात मृत्यूनंतर काय मिळते, तिसऱ्यात क्लेम कधी नाकारला जाऊ शकतो, आणि चौथ्यात ग्राहकाचे हक्क, म्हणजे पॉलिसी हाती आल्यापासून ती परत करण्याची मुभा देणारा तीस दिवसांचा फ्री लूक कालावधी आणि विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही हे संरक्षण. स्मित पहिल्या तुकड्यापुरते ठेवले. उघड्या तळव्याचा एकच हातवारा चौथ्या तुकड्यात ‘तीस दिवस’ या शब्दांपाशी ठेवला, कारण तिथे ग्राहकाला खरोखर काहीतरी दिले जात असते. तिसऱ्या तुकड्याची सूचना अशी होती:

```
Calm, level voice, slightly slower. Head still.
Eyes on camera. Lips closed at pauses.
Both hands resting on the table.
```

या सूचनेत एकही नकार नाही आणि एकही गुणवाचक स्तुती नाही. हात कुठे आहेत, ओठ कसे आहेत, मान कशी आहे, एवढेच सांगितले आहे. मान स्थिर ठेवण्याला मी फार महत्त्व देतो, कारण ‘मिळू शकते’ हे शब्द मान डोलावून उच्चारले की प्रेक्षकाच्या मनात ते ‘मिळते’ असे उतरतात, आणि विम्यात त्या दोहोंमध्ये पुष्कळ अंतर आहे.

आवाजासाठी प्रॉम्प्टपेक्षा संहितेतच बदल करावे लागले. जोखमीच्या वाक्यातील स्वल्पविराम काढून तिथे पूर्णविराम दिला, म्हणजे थांबा आपोआप आला. उद्गारचिन्हे सगळी काढली, कारण त्यांनी पट्टी चढते. ‘३०’ आणि ‘४५’ हे आकडे अक्षरांत लिहिले, नाहीतर मराठी वाक्याच्या मध्येच ‘थर्टी’ ऐकू येण्याची भीती असते.

या पद्धतीचा त्रासही सांगितला पाहिजे. प्रत्येक तुकडा वेगळा तयार होत असल्यामुळे सांध्यावर निवेदिकेचे खांदे किंचित उडी मारतात, आणि एक तुकडा बिघडला की तो पुन्हा करण्यात वेळ आणि साधनाचे क्रेडिट दोन्ही जातात. यावर मी असे करतो की प्रत्येक तुकड्याची सुरुवात आणि शेवट एकाच मुद्रेत, म्हणजे हात टेबलावर आणि नजर समोर, असा मागतो आणि सांध्यावर दोन-तीन सेकंदांची अटींची पाटी घालतो. तरीही चार तुकड्यांच्या पुढे मी सहसा जात नाही. वाक्यागणिक सूचना दिल्या, की निवेदिका कळसूत्री बाहुलीसारखी दिसू लागते.

ज्यांच्या साधनात तुकड्याला वेगळी सूचना देण्याची सोयच नाही, त्यांनी पहिल्या पद्धतीवर राहण्यात काही गैर नाही. फक्त विशेषणे काढून शांत बसण्याचे वर्णन लिहावे आणि बाकी भार आवाजावर टाकावा, असे मला वाटते. थोडे कोरडे दिसेल, पण चुकीचे दिसणार नाही.

निवड करण्यापूर्वी आपल्याच संहितेतील सर्वांत जड वाक्य दोन्ही पद्धतींनी करून पाहावे आणि आवाज पूर्ण बंद करून पाहावे. मी तसे केले तेव्हा पहिल्या व्हिडिओत मृत्यूचे वाक्य कुठे आले आणि स्वागत कुठे संपले, हे मला चेहऱ्यावरून ओळखता आले नाही. दुसऱ्यात निवेदिकेचे हात टेबलावर आले तेव्हाच ते कळले. तोच व्हिडिओ मी त्या ज्येष्ठ विक्रेत्यांना पुन्हा दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि त्यांच्या मोबाईलवर पाठवायला सांगितला.